घरमालकांना रागानं मेल लिहिलाय. धार न घालवता मवाळ कसा करू?

निशिगंध | २ ऑगस्ट, रात्री ११:४०

कर्वेनगरला दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो. आम्ही दोघं आणि साडेचार वर्षांची लेक. २७ जूनपासून पॅसेजचं छत आणि लेकीच्या खोलीची एक भिंत गळतेय. घरमालक नाशिकला असतात, सत्तरीचे आहेत, आम्ही त्यांना काका म्हणतो. माणूस वाईट नाही, पण प्रत्येक वेळी "पावसाळा आहे, होतंच" म्हणतात आणि विषय संपतो. आज रात्री हा मेल लिहिला. नवऱ्यानं लॅपटॉप मिटून ठेवला म्हणून गेला नाही, एवढंच.

> विषय: तुमच्या घराची अवस्था!!!
>
> काका, गेले पाच आठवडे सांगून सांगून थकले. फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला, त्यावर तुम्ही नुसता अंगठा दाखवता. भाडं मात्र १ तारखेला बरोबर आठवतं. छताचे पोपडे मुलीच्या पलंगावर पडतात. तुमच्या स्वतःच्या नातीला अशा खोलीत झोपवलं असतंत का? आम्ही भाडेकरू आहोत, भिकारी नाही. आता लवकरात लवकर काहीतरी करा, नाहीतर मला पुढचा विचार करावा लागेल. जमल्यास या आठवड्यात कुणालातरी पाठवा.

नवऱ्यानं त्याचं स्वतःचं एक रूप करून दिलंय: "आदरणीय काका, सप्रेम नमस्कार. थोडी ओल दिसते आहे. आपल्या सवडीने, शक्य झाल्यास, कृपया लक्ष घालावे ही नम्र विनंती." हा वाचून मला लग्नपत्रिका आठवली. या दोन्हींच्या मधलं काहीतरी हवंय. मदत करा.

---

गोट्या७७ | ३ ऑगस्ट, सकाळी ७:१५

डिपॉझिट किती आहे ते सांगा आधी. मेलबिल सोडा. शेवटचे तीन महिने भाडं द्यायचं नाही, डिपॉझिटमधून वळवा म्हणायचं. आम्ही वाकडला असंच केलं. घर सोडताना मालक लोक भिंतीचा रंग, नळ, खिळ्याचं भोक असं काय काय काढून पैसे कापतात.

---

निशिगंध | ३ ऑगस्ट, सकाळी ७:३२

गोट्या, घर सोडायचं नाहीये हो. लेकीची शाळा समोर आहे. मला फक्त गळती थांबवून हवी आहे आणि काकांशी बोलणं तुटायला नकोय. डिपॉझिट ७५ हजार, भाडं २४ हजार.

---

कलमबहाद्दर | ३ ऑगस्ट, सकाळी ९:०५

एवढं मवाळ व्हायची गरजच काय? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४. घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. नोटीस द्या. १५ दिवसांत दुरुस्ती केली नाही तर स्वतः करून घ्या आणि खर्च भाड्यातून कापा. मेलमध्ये पहिल्याच ओळीत कलम टाका, काका नाशिकहून धावत येतील.

---

वहिनीसाहेब | ३ ऑगस्ट, सकाळी ११:२०

आमच्या सोसायटीची नऊ वर्षं सेक्रेटरी होते. गळतीची पत्रं किती वाचली त्याला गणती नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

कलमबहाद्दर, कलम बरोबर सांगितलंत, पण अर्धंच. त्यात 'उलट करार नसेल तर' असं आहे. एका वर्षात कापायची रक्कम त्या वर्षीच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नसावी, असंही आहे. आणि मुख्य म्हणजे ते कलम भाडेकरूसाठी आहे. निशिगंधचं बहुतेक लिव्ह अँड लायसन्स असणार. बोलताना आपण तिला भाडेकरू म्हणतो, पण कायद्याच्या भाषेत ती परवानाधारक. तिच्यासाठी पहिला आधार म्हणजे करारात काय लिहिलंय ते. शिवाय दुरुस्ती करायची कुठे? पाणी वरच्या घरातून येत असेल तर ही बाई १५ दिवसांनी स्वतः कुणाच्या बाथरूमची फरशी फोडणार आहे?

आता निशिगंध, तुझ्या मेलबद्दल. तो रागीट आहे, कडक नाही. पुन्हा वाच. काकांच्या स्वभावाबद्दल एकेक शब्द टोकदार आहे: अंगठा, भिकारी, नात. आणि ज्या ठिकाणी काम मागायचं आहे तिथे काय आहे? "लवकरात लवकर". "काहीतरी". "कुणालातरी". "जमल्यास". "पुढचा विचार". मागणीचा प्रत्येक शब्द तू ढिला सोडलायस. तुझ्या नवऱ्याचा मेल आणि तुझा मेल मागणीच्या बाबतीत अगदी सारखे आहेत, दोन्हींत काहीच मागितलेलं नाही. मवाळपणा माणसाकडे वळव आणि टोक कामाला लाव.

त्याआधी तीन गोष्टी कळव. करारात दुरुस्तीबद्दल काय लिहिलंय? पाणी नक्की कुठून येतंय? पाऊस नसताना ओल कमी होते का?

---

नाशिककर_आबा | ३ ऑगस्ट, दुपारी १:१०

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. नाशिकचा असलो तरी तो काका मी नव्हे, आधीच सांगतो! माझे दोन फ्लॅट पुण्यात भाड्यानं आहेत.

असे मेल मला आले आहेत. "स्वतःच्या नातीला झोपवलं असतंत का" इथपर्यंत वाचलं की माणूस पुढचं वाचत नाही. बायकोला हाक मारतो, "बघ, काय लिहिलंय मला." मग दोन दिवस घरात चर्चा त्या नातीच्या वाक्याची होते. गळतीची कुणाला आठवणही राहत नाही.

आणखी एक, जे भाडेकरूंच्या लक्षात येत नाही. वरच्या घरातून पाणी येत असेल तर मलाही ते काम स्वतः करता येत नाही. मला सोसायटीला लिहावं लागतं, ते वरच्या सभासदाला लिहितात. अशा वेळी भाडेकरूचा मेल मी जसाच्या तसा पुढे पाठवू शकलो तर माझं काम निम्मं होतं. "तुम्ही अंगठा दाखवता" असलेला मेल मी सेक्रेटरीला कसा पाठवू? माझीच शोभा. मग मी म्हणतो, सवडीनं नीट लिहू. ती सवड येत नाही.

---

म्युनिकची_मनी | ३ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४५

इथे जर्मनीत आम्हाला बुरशी आली होती, बेडरूमच्या कोपऱ्यात. इथे दोष मालकाला लगेच लेखी कळवावा लागतो, आणि दोष असेपर्यंत त्या प्रमाणात भाडं कमी होतं, कायद्यातच तशी सोय आहे. पण घरमालकीणबाई म्हणाल्या, तुम्ही खिडक्या उघडत नाही, रोज वरण-भाताचा कुकर लावता, म्हणून बुरशी. सहा मेल झाले. शेवटी माझ्या रागाला नाही, आर्द्रतेच्या नोंदींना किंमत आली. साध्या मीटरवर रोज सकाळ-संध्याकाळ आकडे टिपले होते. कुकर अजून लावते.

---

निशिगंध | ३ ऑगस्ट, रात्री १०:२०

वहिनी, करार काढला. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सच आहे, नोंदणी केलेला. नवव्या मुद्द्यात आहे: बल्ब, नळाचे वायसर अशी किरकोळ दुरुस्ती आम्ही करायची, "मोठी व बांधकामाशी संबंधित दुरुस्ती" मालकानं.

पाण्याचं सांगते. वर ३०३ मध्येही भाडेकरूच आहेत, दोन मुलं, आयटीत आहेत, समजूतदार. आमच्या पॅसेजवर बरोबर त्यांचं बाथरूम येतं. १४ ते १७ जुलै पावसानं उघडीप दिली होती, तेव्हा ओल कमी व्हायच्या ऐवजी वाढली. आणि रोज सकाळी आठ-साडेआठला थेंब जास्त पडतात. मी बादली ठेवते म्हणून लक्षात आलं. पॅसेजमधल्या दिव्याच्या पॉइंटपर्यंत ओल गेली आहे आणि गेल्या आठवड्यात दोनदा एमसीबी पडला.

---

वहिनीसाहेब | ३ ऑगस्ट, रात्री १०:५०

थांब. मेल नंतर. त्या पॉइंटचा एमसीबी आत्ता खाली कर आणि दुरुस्त होईपर्यंत वर करू नकोस. मुलीला पॅसेजमधल्या बटणांना हात लावू देऊ नकोस.

बाकी तुझ्या बादलीनं निम्मा तपास केलाय. पावसाचं पाणी पावसाबरोबर वाढतं-घटतं. भिंतीतला भरलेला पाइप फुटला असेल तर पाणी दिवसरात्र सारखं येतं, कारण टाकीचा दाब कायम असतो. आणि वापरलेलं पाणी जिथून जातं ते गळत असेल, म्हणजे नहाणी ट्रॅपचा सांधा किंवा फरशीखालचं वॉटरप्रूफिंग, तर वरच्यांच्या आंघोळीच्या वेळी वाढतं. तुझं तिसऱ्या प्रकारचं दिसतंय. वरच्या मुलांना विचार, एक दिवस ते बाथरूम वापरू नका म्हणावं, दुसरं असेल तर. थेंब थांबले की काकांच्या "पावसाळा आहे" याला उत्तर मिळालं, तेही भांडण न करता.

---

काना_मात्रा | ४ ऑगस्ट, सकाळी ८:३०

मी मुद्रितशोधक आहे, त्यामुळे गळतीतलं कळत नाही, वाक्यांतलं थोडं कळतं.

राग आपल्याकडे क्रियापदात कमी आणि शेपटात जास्त असतो. "तुम्ही साधा फोन*ही* उचलत नाही", "भाडं *मात्र* आठवतं", "*नुसता* अंगठा". हे ही, मात्र, नुसता, तरी, एवढं काढा. वाक्याचा अर्थ तोच राहील, टोमणा जाईल.

दुसरं, कर्ता बदला. "तुम्ही पाच आठवडे दुर्लक्ष केलंत" यात कर्ता काका आहेत. "२७ जूनपासून छत गळतंय" यात कर्ता छत आहे. छताला राग येत नाही.

तिसरं, मागताना. "दुरुस्ती करावी ही नम्र विनंती" हे सरकारी अर्जाचं वळण झालं. वाचणारा ते फाइलला लावतो. "दुरुस्ती करा" हे आज्ञार्थी, सत्तरीच्या माणसाला टोचेल. मधला रस्ता आहे: "दुरुस्ती १० तारखेपर्यंत व्हायला हवी", "तुमच्याकडून अमुक हवं आहे". यात हुकूम नाही आणि पळवाटही नाही. "जमल्यास" आणि "शक्य झाल्यास" हे शब्द मात्र मेलमध्ये कुठेच नकोत. ते लिहिले की न जमण्याची परवानगी आपणच दिली.

---

कलमबहाद्दर | ४ ऑगस्ट, सकाळी ९:४०

छताला राग येत नाही, पण मालकालाही जाग येत नाही. भाषाशुद्धीनं पाणी थांबल्याचं ऐकलं नाही कधी. परवानाधारकाबद्दलचं मान्य, वाचून पाहिलं. तरी कायद्याचा उल्लेखच नाही हे पटत नाही.

---

निशिगंध | ४ ऑगस्ट, रात्री ९:३०

आज वरच्या मुलांनी ते बाथरूम दिवसभर बंद ठेवलं. सकाळी साडेनऊनंतर बादलीत एक थेंब नाही! प्लंबरही वर जाऊन आला, म्हणाला ट्रॅपचा सांधा किंवा वॉटरप्रूफिंग, फरशी उघडल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. हा नवा मसुदा:

> काका, नमस्कार. आम्ही वारंवार कळवूनही आपण दुर्लक्ष केलेत याचे वाईट वाटते. गळती वरच्या बाथरूममधून आहे हे आता सिद्ध झाले आहे, त्यामुळे पावसाळ्याचे कारण चालणार नाही. मुलीला दम्याचा त्रास झाला तर जबाबदार कोण? वरचे बाथरूम, आमचे छत, भिंत, रंग आणि वायरिंग ही सर्व कामे १५ ऑगस्टपर्यंत पूर्ण करून द्यावीत, अन्यथा आम्ही भाडे देणार नाही.

आता तारीख आहे, मागणी आहे. ठीक ना?

---

नाशिककर_आबा | ४ ऑगस्ट, रात्री १०:०५

तारीख आली, छान. पण अकरा दिवसांत वरच्या माणसाचं बाथरूम मी कसं करून देऊ? तो मालक कुठे आहे तेही मला माहीत नाही. न होणारी गोष्ट मागितली की मला उत्तर सोपं जातं: "माझ्या हातात नाही." झालं, मी मोकळा. आणि भाडं देणार नाही म्हटलंत की वाद गळतीचा उरत नाही, थकलेल्या भाड्याचा होतो. त्यात माझी बाजू वरचढ.

---

वहिनीसाहेब | ४ ऑगस्ट, रात्री १०:४०

आबा बोलले ते लाखाचं. काकांच्या हातात जे आहे तेच माग, आणि ते मात्र तारखेनिशी माग.

वायरिंग त्यांच्या घरातलं आहे, ते त्यांच्या हातात. त्याला दोन-तीन दिवस पुरे. वरचं बाथरूम त्यांच्या हातात नाही, पण सोसायटीला पत्र लिहिणं फक्त त्यांच्याच हातात आहे. तू सभासद नाहीस, तुझं पत्र आम्ही सेक्रेटरी लोक बाजूला ठेवतो, मी स्वतः ठेवली आहेत. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत संडास-बाथरूम-सिंकमुळे होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च त्या घराच्या सभासदाचा, आणि गच्चीतून किंवा बाहेरच्या पाइपांतून येणाऱ्या गळतीचा सोसायटीचा. म्हणून तुझी बादलीची नोंद महत्त्वाची, खर्च कुणाचा ते त्यावर ठरतं. कलमबहाद्दर, कायद्याचा उल्लेख हवा असेल तर तिच्या कराराचा नववा मुद्दा लिहू दे. काकांची त्यावर सही आहे, ते पुरेसं आहे.

रंग आत्ता अजिबात मागू नकोस. ओल्या भिंतीवर रंग दिला की पावसाळा संपायच्या आत पोपडे येतात. आणि मालकाच्या दृष्टीनं रंग दिला की विषय संपला! गळती थांबून भिंत पूर्ण सुकली की मग रंग. दिवाळीच्या सुमारास म्हण.

दम्याचं वाक्य काढ. न झालेल्या आजाराची धमकी वाटते ती. झालंय ते लिही. मुलगी सध्या कुठे झोपते?

---

निशिगंध | ४ ऑगस्ट, रात्री १०:५२

हॉलमध्ये, आमच्याबरोबर. तिची खोली तीन आठवडे बंदच आहे.

---

काना_मात्रा | ४ ऑगस्ट, रात्री ११:००

मग हेच लिहा: "लहान खोली १४ जुलैपासून वापरता येत नाही." नातीच्या वाक्यापेक्षा हे जड आहे. २४ हजारांत दोन खोल्यांचं घर घेतलं आणि एकच वापरतो आहोत, हे काका स्वतःच मनात म्हणतील.

---

निशिगंध | ५ ऑगस्ट, सकाळी ६:१०

लेक उठायच्या आत लिहिलं. बघा.

> विषय: फ्लॅट २०३ : छताची गळती, ८ आणि १० ऑगस्टपर्यंतची कामं
>
> नमस्कार काका,
>
> २७ जूनपासून पॅसेजचं छत आणि लहान खोलीची भिंत ओली आहे. २७ जून, ६ जुलै आणि १९ जुलैला मी आपल्याला फोटो पाठवले होते. सुरुवातीला मलाही हे पावसाचं पाणी वाटलं. पण १४ ते १७ जुलै पाऊस नसताना ओल वाढली. ४ ऑगस्टला ३०३ मधलं बाथरूम दिवसभर बंद ठेवलं, तेव्हा थेंब थांबले. प्लंबरच्या मते वरचा नहाणी ट्रॅप किंवा वॉटरप्रूफिंग खराब झालं आहे. तारखेचे फोटो जोडले आहेत.
>
> ओल पॅसेजच्या दिव्यापर्यंत गेल्यामुळे तिथली वीज आम्ही बंद ठेवली आहे. लहान खोली १४ जुलैपासून वापरता येत नाही.
>
> कराराच्या नवव्या मुद्द्याप्रमाणे आपल्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. पहिली, ८ ऑगस्टपर्यंत इलेक्ट्रिशियन येऊन पॅसेजचा पॉइंट सुरक्षित व्हायला हवा. दुसरी, १० ऑगस्टपर्यंत आपलं लेखी पत्र सोसायटीला जायला हवं, त्यात ३०३ च्या मालकांकडून काम सुरू करण्याची तारीख मागितलेली असावी. हा मेल त्यासोबत तसाच जोडता येईल. रंगाचं काम भिंत सुकल्यावर, दिवाळीच्या सुमारास बोलू.
>
> ८ तारखेपर्यंत इलेक्ट्रिशियन आला नाही तर मी माझा बोलावीन आणि पावती आपल्याला पाठवून ती रक्कम सप्टेंबरच्या भाड्यातून वजा करीन. याला हरकत असेल तर ७ तारखेपर्यंत कळवा.
>
> आपण प्लंबरशी स्वतः बोलू इच्छित असाल तर त्याचा नंबर देते. काकूंना नमस्कार.

---

वहिनीसाहेब | ५ ऑगस्ट, सकाळी ७:४५

हा मी सेक्रेटरी असताना आला असता तर त्याच दिवशी वरच्यांना फोन केला असता.

एकच गोष्ट खटकते. "हरकत असेल तर कळवा" आणि ते गप्प बसले तर? गप्प बसणं म्हणजे होकार, असं मी धरणार नाही. भाड्यातून कापण्याआधी "ठीक आहे" एवढे दोन शब्द तरी लेखी घे.

---

नाशिककर_आबा | ५ ऑगस्ट, सकाळी ८:२०

मी असतो तर चालवून घेतलं असतं. हजार-पंधराशेची पावती आहे, त्यासाठी कोण भांडतं? उलट मला बरं, नाशिकहून इलेक्ट्रिशियन शोधत बसायला नको.

---

वहिनीसाहेब | ५ ऑगस्ट, सकाळी ८:३५

सगळे मालक आबा नसतात.

---

कलमबहाद्दर | ५ ऑगस्ट, सकाळी ९:१०

मी आबांच्या बाजूनं. आणि "काकूंना नमस्कार" कशाला? शेवटी धार जाते.

---

काना_मात्रा | ५ ऑगस्ट, सकाळी ९:२५

नाही जात. धार तारखांत आहे, ती वर होऊन गेली. नमस्कार नसता तर तो मेल वकिलाकडून आल्यासारखा वाटला असता. फक्त "आपण" आणि "तुम्ही" यांची सरमिसळ होऊ देऊ नका. रोज फोनवर तुम्ही म्हणत असाल तर मेलमध्ये अचानक आलेलं "आपण" रुसल्यासारखं वाटतं.

---

निशिगंध | ५ ऑगस्ट, सकाळी ९:५०

तुम्ही केलं सगळीकडे. वजावटीचं वाक्य ठेवलंय, पण "तुमचा होकार आला की" असं घातलं. पाठवला.

---

निशिगंध | ८ ऑगस्ट, रात्री ८:१५

मेलला उत्तर नाही. फोन आला. काका थोडे दुखावलेलेच होते. "अगं, घरच्यासारखी माणसं आपण, मेल कशाला, फोन करायचास." मी म्हटलं, काका, तुम्हाला सोसायटीला पुढे पाठवता यावा म्हणून. त्यावर निवळले. इलेक्ट्रिशियन आज येऊन गेला, काकांनीच पाठवला. पॉइंट बंद करून वायर बाजूला घेतली आहे. सोसायटीला पत्र "देतो या दोन दिवसांत" म्हणाले. आता काय, थांबू?

---

वहिनीसाहेब | ८ ऑगस्ट, रात्री ८:४०

थांब, पण रिकाम्या हातानं नको. फोनवर जे ठरलं ते आत्ता दोन ओळींत त्याच मेलच्या उत्तरात टाक: "काका, आज इलेक्ट्रिशियन पाठवल्याबद्दल आभार. आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे सोसायटीचं पत्र १० तारखेपर्यंत जाईल, त्याची प्रत मलाही पाठवा." फोनवरचं गोड बोलणं उद्या आठवत नाही, त्यांनाही आणि तुलाही.

---

गोट्या७७ | ८ ऑगस्ट, रात्री ९:३०

डिपॉझिटचं मी सांगितलेलं लक्षात ठेवा तरी.

---

निशिगंध | १६ ऑगस्ट, दुपारी ४:००

पत्र ११ तारखेला गेलं, प्रत आली. काकांनी माझा मेल खरंच तसाच जोडला, वर स्वतःची एकच ओळ: "माझ्या परवानाधारकाचे म्हणणे रास्त आहे." सोसायटीनं ३०३ च्या मालकांना कळवलं. ते बंगळूरला असतात. त्यांचं म्हणणं, ट्रॅपचा सांधा गळत असेल तर करून देतो, पण तिथून खाली जाणारा उभा पाइप सोसायटीचा आहे, आधी तो तपासा. सेक्रेटरी म्हणतात, आधी फरशी उघडा मग बघू.

बादली अजून पॅसेजमध्येच आहे. सकाळी वरची मुलं दुसरं बाथरूम वापरतात, त्यामुळे निम्मीच भरते.

---

वहिनीसाहेब | १६ ऑगस्ट, दुपारी ४:३०

उभा पाइप गळत असता तर वरच्या चौथ्या-पाचव्या मजल्यांच्या वापरानंही तुझ्याकडे पाणी आलं असतं. ४ तारखेला फक्त ३०३ बंद होतं आणि थेंब थांबले. ही ओळ काकांना पाठव, ती सोसायटीला त्यांच्याच नावानं जाऊ दे. अगदीच अडलं तर ३०३ च्या बाथरूममध्ये नहाणी कापडानं बंद करून, दोन बोटं रंगीत पाणी साठवून चार-पाच तास वाट बघा, सेक्रेटरींना खाली तुझ्या पॅसेजमध्ये उभं करून. रंग खाली आला तर फरशी गेली. नुसती पातळी तशीच राहिली तर नहाणी उघडून तेच पाणी सोडा, मग ट्रॅप कळेल. वरच्या मुलांची आणि त्यांच्या मालकांची परवानगी घेऊनच हं.

---

निशिगंध | १६ ऑगस्ट, दुपारी ४:४१

रविवारी मुलं घरी आहेत. त्यांना आत्ताच विचारते. रंग कुठला घेऊ, रांगोळीचा चालेल?